दुकानाची पाटी नको, बिलावरचं नाव वाचा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)

आज कर्जफेडीचं काही विचारणार नाही, घाबरू नका. आज एका मशीनची गोष्ट सांगते.

दिवाळीनंतर सालेकसा तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. कोपऱ्यात पिशव्या सील करायची मशीन खोक्यात परत भरून ठेवलेली. हातसडीच्या तांदळाची पाकिटं बंद करायला गटाने ती मोठ्या ऑनलाइन बाजारातून ३,४०० रुपयांना मागवली होती. मशीन आली तेव्हा धानकापणी सुरू, म्हणून खोका उघडलाच नाही. दहाव्या दिवशी उघडला, चार पाकिटं झाली आणि तार जळाली. परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती संपलेली. अध्यक्ष काकू म्हणाल्या, "आता आमी कोनाले धराचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपला आठवडी बाजार आठवा. बाजार ग्रामपंचायत भरवते, पण वांगी विकणारी बाई वेगळी असते. ऑनलाइन बाजाराचंही तसंच आहे. ॲप एका कंपनीचं, खोक्यावरचं नाव ब्रँडचं आणि विकणारा तिसराच कोणीतरी. ॲपवर त्याच्या दुकानाचं जे झकपक इंग्रजी नाव दिसतं ती नुसती पाटी असते. पाटीला नोटीस पाठवता येत नाही. नोटीस कायद्याने ओळखल्या जाणाऱ्या माणसाला, फर्मला किंवा कंपनीलाच जाते.

२०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दर्जाचे नियम न पाळणाऱ्या प्रेशर कुकरच्या विक्रीवरून ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड केला. त्याच वर्षी ॲमेझॉनवर विकणाऱ्या क्लाउडटेल या कंपनीवर वेगळा आदेश निघाला. बाजार वेगळा, विक्रेता वेगळा, म्हणून आदेशही दोन.

मग विक्रेता शोधायचा कुठे? बिलावर. ॲपमध्ये आपली ऑर्डर उघडली की तिथे इन्व्हॉइस मिळतं. ते उतरवून घ्या आणि Sold By लिहिलंय तिथे बघा. त्या भागातच GSTIN किंवा GST Registration No असा पंधरा अक्षर-अंकांचा नंबर असतो. आपल्या गटाची ऑर्डर काकूंच्या भाच्याच्या मोबाइलवरून झाली होती, म्हणून बिलही त्याच्याच नावाचं. तो पुण्याला. त्याच्याकडून बिल यायला दोन दिवस गेले. तेव्हा गटाची खरेदी शक्यतो गटातल्याच एखादीच्या खात्यावरून करा.

त्या नंबराचे पहिले दोन अंक राज्य सांगतात. २७ म्हणजे महाराष्ट्र, ०७ म्हणजे दिल्ली, २४ म्हणजे गुजरात. पुढची दहा अक्षरं विक्रेत्याचा पॅन नंबर असतो. पूर्ण नंबरातलं सहावं अक्षर नीट बघा. तिथे P असेल तर विक्रेता एकटा माणूस आहे, F असेल तर भागीदारी फर्म, C असेल तर कंपनी. आपल्या बिलावर P होतं. म्हणजे त्या मोठ्या पाटीमागे एकच माणूस उभा होता.

आता www.gst.gov.in उघडा. Search Taxpayer मध्ये Search by GSTIN/UIN निवडा, नंबर टाका, चित्रातले आकडे भरा. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. समोर Legal Name of Business येतं, ते कायद्यातलं खरं नाव. Trade Name हे धंद्याचं नाव. त्याखाली Principal Place of Business म्हणजे मुख्य पत्ता, आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली तेही दिसतं. रद्द दिसली तरी हताश होऊ नका. नोंदणी गेली म्हणून आपल्याला माल विकणारा माणूस सुटत नाही.

इथे आमचीही फसगत झाली, बरं का. नंबर २७ ने सुरू होत होता आणि पत्ता भिवंडीचा. आम्हाला वाटलं, विक्रेता भिवंडीचाच. पण तो पत्ता गोदामाचा निघाला. दुसऱ्या राज्यातला विक्रेता महाराष्ट्रातल्या गोदामात माल ठेवून इथून विकतो तेव्हा त्याला इथली नोंदणी घ्यावी लागते. अशा गोदामावर पाठवलेलं पत्र परतच येणार. मग आम्ही Search by PAN मध्ये गेलो आणि नंबरातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं टाकली. त्याच पॅनवरच्या सगळ्या राज्यांतल्या नोंदण्या पुढे आल्या. त्यात ०७ ची एक होती. ती उघडली तर दिल्लीतल्या दुकानाचा पत्ता आणि तेच नाव. काकूंनी ते वहीत दोनदा लिहून घेतलं.

काही बिलांवर हा नंबर नसेलही. ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय आपल्याच राज्यात ऑनलाइन विकता येतं. अशा वेळी, किंवा पत्त्याची शंका असेल तेव्हा, बाजारालाच विचारायचं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे खरेदी केलेल्या ग्राहकाने लेखी मागितलं तर विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा आणि शाखांचा पत्ता, ईमेल आणि संपर्काची इतर माहिती बाजाराने द्यायची असते. ॲपवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची. आम्ही भाच्याच्या ईमेलवरून एवढंच पाठवलं: "ऑर्डर क्रमांक अमुक, तारीख अमुक. या विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता व ईमेल लेखी कळवा." सोबत बिल जोडलं.

फोन नंबर मात्र गूगलवर शोधू नका. कस्टमर केअर म्हणून ठग बसलेले असतात, ते ओटीपी मागतात आणि खातं साफ करतात.

बाजाराचं उत्तर नवव्या दिवशी आलं. नाव आणि दिल्लीचा पत्ता आम्ही काढलेलाच होता, ईमेल नवा मिळाला. मग विक्रेत्याला स्पीड पोस्टने पत्र गेलं: मशीन कधी आली, काय बिघडलं, पंधरा दिवसांत पैसे द्या, नाहीतर गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दिल्लीला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. पण विरुद्ध पक्षाचं नाव आणि पत्ता लिहावाच लागतो, म्हणून तर ही सगळी खटपट. एक अडचण आधीच सांगते. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहकच नाही, असं समोरचा म्हणू शकतो. स्वयंरोजगाराने पोट भरायला घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, तेव्हा मशीन कोण चालवतं आणि कशासाठी, हे अर्जात स्पष्ट लिहा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तरी चालते.

पत्रानंतर अकराव्या दिवशी दिल्लीहून भाच्याला फोन आला. "तुम्हाला माझं नाव कुठून मिळालं?" हा पहिला प्रश्न. विक्रेत्याने जुनी मशीन स्वतःच्या खर्चाने उचलून नेली आणि ३,४०० रुपये भाच्याच्या खात्यात आले. भाच्याकडून गटाच्या खात्यात यायला मात्र आणखी तीन आठवडे लागले, आणि त्यासाठी काकूंनी कोणता कायदा वापरला ते त्यांनाच विचारा.