टोपीत राहणारा राजपुत्र

आमच्या गटांच्या वाचनकट्ट्यावर या हिवाळ्यात आम्ही एक फ्रेंच चित्रपुस्तक मराठीत आणायचा उद्योग केला. आमच्यातल्या एका ताईंची सून फ्रेंच शिकली आहे. तिने ओळ न ओळ अर्थ सांगितला आणि आम्ही बाकीच्या मराठी शोधायला बसलो. त्यात काय जमलं आणि काय हातातून निसटलं, ते आज सांगतो.

पुस्तक आहे पेफ या लेखक-चित्रकाराचं. १९८० साली फ्रान्समधल्या गालिमार प्रकाशनाने ते काढलं. त्यातला राजपुत्र प्रत्येक शब्द वाकडा करतो. त्याला म्हणायचं असतं एक आणि तोंडातून निघतं त्याच्यासारखंच ऐकू येणारं दुसरं. फ्रेंचमध्ये राजवाड्याला 'शातो' म्हणतात आणि टोपीला 'शापो'. म्हणून हा राजपुत्र राहतो टोपीत! मेंढ्यांना 'मुतों' म्हणतात, बटणांना 'बुतों'. म्हणून तो रानात बटणांचा कळप चारतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, मराठीत अशा जोड्या पैशाला पासरी. आम्हालाही तसंच वाटलं. पहिल्याच दिवशी एकजण म्हणाली, "सोपं आहे की! राजपुत्र वाड्याऐवजी वड्यात राहतो." सगळ्याजणी हसल्या. मग आम्ही पान उघडलं. पानावर टोपी काढलेली होती, वडा नव्हता.

सगळी अडचण इथेच आहे. लेखकाने विनोद शब्दात केलाय आणि चित्र मात्र चुकीच्या शब्दाचं काढलंय. चित्र आपल्याला बदलता येत नाही. म्हणजे चुकीचा शब्द आधीच ठरलेला, तो 'टोपी'च. बरोबर शब्दही गोष्टीने ठरवलेला, राजाचं घर. मधली मराठी तेवढी आपल्या हातात.

म्हणून आम्ही वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात चित्रात दिसतं ते, दुसऱ्यात राजपुत्राला म्हणायचं असतं ते, आणि तिसऱ्यात दोन्हींसाठी आठवतील तेवढे मराठी शब्द. गावाकडचे, माहेरचे, आजीच्या तोंडचे, सगळे. त्यातून एखाद्या अक्षराचाच फरक असलेली जोडी शोधायची.

बटणांच्या पानाला नशीब फळलं. बटण, बटणं असं घोकत बसलो होतो, तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "अगं, आम्ही सदऱ्याला गुंड्या लावायचो." गुंड्या आणि मेंढ्या! राजपुत्र गुंड्यांचा कळप घेऊन रानात निघाला. फ्रेंचइतकंच चोख, आणि चित्राला धक्काही नाही.

टोपीने मात्र चार संध्याकाळी खाल्ल्या. एकीने पगडी सुचवली, कारण गढी आणि पगडी जुळतं. पण चित्रात पगडी नाही, आणि मुलं चित्राच्या बाबतीत फार काटेकोर असतात. "ही कुठं पगडी आहे?" असं एका मुलाने लगेच विचारलं. शेवटी 'खोपी' सापडली. टोपी आणि खोपी. आवाज जुळला, पण खोपी म्हणजे झोपडी. राजवाडा गेला ना! त्यावर आमच्यात चांगला वाद झाला. काहीजणींचं म्हणणं, राजपुत्राला झोपडीत बसवणं म्हणजे गोष्ट बदलणं. आम्ही बहुमताने खोपी ठेवली, पण वाक्य 'ऐसपैस टोपीत राहत होता' असं केलं. ऐसपैस खोपी ऐकूनच हसू येतं, तेवढी भरपाई झाली. अजूनही दोघीजणी नाराज आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही.

आता जमलं की नाही, हे कसं कळायचं? या पुस्तकात बरोबर शब्द छापायचाच नसतो. तो मुलांनी ओरडून सांगायचा असतो. "गुंड्यांचा कळप" म्हटल्याबरोबर कट्ट्यावरून आवाज आला, "मेंढ्यांचा!" म्हणजे पास. मुलं गप्प राहिली किंवा नुसतीच चित्र बघत राहिली, तर जोडी मेली असं समजायचं. खोपीला पहिल्यांदा तसंच झालं. आम्ही मोठ्या बायका हसलो आणि मुलं आमच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण खोपी हा शब्दच त्यांना माहीत नव्हता. सुगरणीचा खोपा मात्र माहीत होता. म्हणून आता गोष्ट सुरू करण्याआधी आम्ही सहज खोप्याची गोष्ट काढतो. मग टोपीचं पान आलं की दोन-तीनजण तरी ओरडतातच.

एका पानाने आम्हाला वेगळंच शिकवलं. टोपीच्या शेंड्यावर रविवारी झेंड्यांच्या जागी निळे, पांढरे, लाल बेडूक लावलेले असतात. फ्रेंचमध्ये झेंडे 'द्रापो' आणि हे बेडूक 'क्रापो'. मराठीत झेंडा आणि बेडूक काही केल्या जुळेनात. हात टेकले आणि साधं वाक्य ठेवलं, "टोपीवर बेडूक फडकत होते." आणि मुलं ओरडली, "झेंडे!" फडकतो तो झेंडाच, बेडूक कशाला फडकेल? क्रियापदानेच काम केलं. तेव्हापासून शब्दांची जोडी अडली की आम्ही आधी क्रियापद तपासतो.

बर्फाच्या गोळ्यांऐवजी कोंबड्या फेकतात, ते पान मात्र गेलंच. शिवाय आमच्या मुलांना बर्फाचा गोळा म्हटलं की जत्रेतला काडीवरचा लाल सरबताचा गोळाच आठवतो. एक विनोद गेला म्हणून दुसरीकडे एक घातला. राजपुत्र होडीऐवजी शीड लावलेल्या दाताळ्यावरून भटकतो, तिथे आम्ही "आणि काठाला आल्यावर नांगर टाकला" एवढं जोडलं. नांगर शेताचाही आणि होडीचाही. हे मूळ पुस्तकात नाही.

राजपुत्राचं नाव मोतोर्दू, म्हणजे वाकडा शब्द. आम्ही त्याला गोडबोलेंच्या चालीवर राजपुत्र वाकडबोले केलं. त्याला सरळ बोलायला शिकवणारी राजकन्या शिक्षिका आहे आणि तिच्या फ्रेंच नावात शाळा लपलेली आहे. ती झाली राजकन्या शाळिग्राम.

आता आवाजांबद्दल. दुसरं एक फ्रेंच चित्रपुस्तक आहे फिलिप कोरांतँ यांचं, १९९१ सालचं. त्याचं नावच 'प्लूफ'. भुकेला लांडगा विहिरीतल्या चंद्राला चीज समजून आत पडतो, त्याचा तो आवाज. फ्रेंचमध्ये खडा पडला तरी प्लूफ आणि लांडगा पडला तरी प्लूफ. आम्ही आधी 'डुबुक' लिहिलं. त्यावर एक मुलगी म्हणाली, "डुबुक तर खड्याचं असतं." खरंच की! मराठी आवाजात वजन असतं. डुबुक हलकं, लांडग्याला 'धबाक्' हवं. दुसरं असं, की फ्रेंच आवाज वाक्याबाहेर एकटाच उभा राहतो. मराठीला तो वाक्यात घ्यायला आवडतं, 'कन' किंवा 'दिशी' लावून. 'लांडगा धबकन पडला' असं. म्हणून मुखपृष्ठासाठी आम्ही 'धबाक्!' सुटं ठेवलं आणि आतल्या मजकुरासाठी धबकन घेतलं.

आणि अक्षरं? चित्रात आवाज हाताने रंगवायचा असेल, तर रोमन अक्षरं एकेक करून विहिरीत खाली सोडता येतात. आपल्याकडे शिरोरेषा. ती तोडून ध, बा, क् असे तीन तुकडे खाली खाली काढले, तेव्हा वाचता आलं.

आम्ही यातलं काही छापलेलं नाही. मराठी ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून पुस्तकात नुसत्या अडकवल्या आहेत. छापायचं झालं तर मूळ प्रकाशकाची परवानगी लागते. चित्रांसकट आणि मजकुरासकट सगळे हक्क त्यांचे.

वहीत कोंबड्यांच्या पानासमोरचा तिसरा रकाना अजून रिकामा आहे. बर्फाचे गोळे आणि कोंबड्या. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला सुचलं, तर केंद्राच्या पत्त्यावर एक कार्ड टाका.