‘हं’ म्हटलं की थांबायचं का?

आज एका छोट्या शब्दाबद्दल बोलणार आहे, ‘हं’. या शब्दाने आमचा एक अख्खा सीझन खाल्ला.

रत्नागिरीतल्या एका आंबा व्यापाऱ्यासाठी आम्ही फोनवर ऑर्डर घेणारा बॉट बनवला होता. माणूस मध्ये बोलला की बॉटने गप्प बसायचं, एवढा साधा नियम. ऑफिसात चाचणी छान झाली, कारण आम्ही सगळे मुद्दाम ‘थांब थांब’ म्हणून त्याला तोडत होतो. खरे फोन सुरू झाल्यावर रेकॉर्डिंग ऐकलं. बॉट सांगतोय, “पाच डझनाची पेटी आहे.” पलीकडून एक काकू म्हणाल्या, “हं.” बॉट गप्प. काकूही गप्प, कारण त्या पुढचं ऐकायला थांबल्या होत्या. दोन सेकंद शांतता, मग दोघांचं एकदम “हॅलो?” आणि फोन बंद.

काकूंनी बॉटला तोडलंच नव्हतं. त्यांनी हुंकार दिला होता. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायची आपल्याला लहानपणापासून सवय असते, आणि फोनवर तर तो द्यावाच लागतो. नाहीतर समोरच्याला वाटतं लाईन गेली. भाषेचे अभ्यासक याला ‘बॅकचॅनल’ म्हणतात. व्हिक्टर यंग्वे यांनी १९७० साली हा शब्द वापरला. बोलण्याची पाळी न घेता ‘ऐकतोय, चालू दे’ एवढंच सांगणारा आवाज.

आमची चूक अशी की, ‘आवाज आला’ आणि ‘पाळी मागितली’ या दोन गोष्टी आम्ही एकच धरल्या होत्या. आवाज ओळखणारा भाग फक्त पहिली गोष्ट सांगतो. मग आम्ही निर्णयाचे दोन टप्पे केले. साधारण २०० मिलिसेकंद सलग आवाज आला की बॉट थांबत नाही, फक्त स्वतःचा आवाज खाली आणतो. पुढच्या अर्ध्या सेकंदात पाहायचं: आवाज बंद झाला आणि शब्द ‘हं’, ‘हो’, ‘बरं’ यांपैकीच असेल, तर आवाज परत वर आणून पुढे बोलत राहायचं. आवाज चालूच राहिला किंवा ‘नको’, ‘थांबा’, ‘चार डझन’ असं काही आलं, तर पूर्ण थांबायचं. अर्धा सेकंद उशिरा थांबलेलं लोक चालवून घेतात. उगाच थांबलेलं नाही.

पण नुसती शब्दांची यादी पुरत नाही. “पत्ता बरोबर आहे ना?” हे बॉट अजून म्हणत असतानाच ‘हो’ आलं, तर ते उत्तर आहे. तेच ‘हो’ भाडं सांगताना आलं, तर हुंकार. म्हणून बॉटच्या प्रत्येक वाक्यावर आम्ही खूण ठेवतो, हा प्रश्न आहे की माहिती. ‘बरं’ एकदा आलं तर चालू दे. ‘बरं बरं बरं’ घाईने आलं तर, कळलं, आता पुरे. सगळ्यात अवघड ‘हं’ आणि ‘अंहं’. एक होकार, दुसरा चक्क नकार, आणि फोनच्या आवाजात लिप्यंतर करणारा भाग दोन्ही सारखेच लिहितो. तिथे आम्ही अंदाज करत नाही. ऑर्डर पक्की करताना नुसतं ‘हं’ आलं तर बॉट पुन्हा विचारतो, “घेऊ ना ऑर्डर?”

आता थांबल्यानंतरचा घोळ. बॉटचं नऊ सेकंदांचं बोलणं सेकंदाभरात तयार होऊन रांगेत बसतं. एका गिऱ्हाइकाने तिसऱ्या सेकंदाला तोडलं, “चार डझनाची नाही का?” तोपर्यंत फक्त पेटीबद्दल बोलून झालं होतं. ‘निम्मे पैसे आधी भरावे लागतील’ हे वाक्य रांगेतच राहिलं. पण बॉटच्या नोंदीत संपूर्ण उत्तर ‘सांगितलं’ म्हणून गेलं. पुढे त्यांनी पैशांचं विचारलं, तर बॉट म्हणतो, “मघाशी सांगितल्याप्रमाणे…” ते चिडले, आणि बरोबरच होतं. आता थांबताना आम्ही तीन कामं करतो: रांग रिकामी करायची, प्रत्यक्षात किती सेकंद वाजलं ते बघायचं, आणि नोंदीतलं उत्तर तिथेच कापायचं. पैशांसारखं महत्त्वाचं वाक्य कापलं गेलं असेल तर ऑर्डर पक्की करण्याआधी ते पुन्हा सांगायचं.

शेवटी एक ओळखायची खूण. कोणी बोललंच नसताना बॉट थांबत असेल, तर ऐकलेले शब्द तपासा. ते बॉटचेच असतील, तर समोरचा फोन स्पीकरवर आहे आणि बॉट स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकून गप्प बसतोय. तिथे हुंकाराचे नियम कितीही बदला, उपयोग नाही; आधी प्रतिध्वनी काढावा लागतो.

आम्ही आता चाचणीला ऑफिसातली मुलं बसवत नाही. घरच्यांना फोन लावून देतो आणि सांगतो, नेहमीसारखं बोला. माझी आई एका मिनिटात किती वेळा ‘हं’ म्हणते, ते मी त्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यांदा मोजलं.