शेतीचे उत्पन्न करमुक्त, तरी हिशेबात

शेतीच्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिलेला असल्याने केंद्राच्या प्राप्तिकरातून ते वगळलेले आहे. तथापि नोकरी किंवा धंद्याचे करपात्र उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या वर असेल आणि खर्च वजा जाता शेतीचे उत्पन्न 5,000 रुपयांहून अधिक असेल, तर 1973 पासून रूढ असलेल्या अंशतः एकत्रीकरणाच्या पद्धतीने ते कराचा दर ठरवण्यापुरते मोजले जाते.

जुन्या करपद्धतीत साठ वर्षांखालील शिक्षक-शेतकऱ्याचे करपात्र वेतन 6 लाख आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न 4 लाख रुपये असल्यास, प्रथम एकत्रित 10 लाखांवरील कर, म्हणजे 1,12,500 रुपये, काढला जातो, आणि त्यातून शेतीचे 4 लाख व सूट-मर्यादेचे अडीच लाख मिळून होणाऱ्या साडेसहा लाखांवरील 42,500 रुपये वजा केले जातात. उरलेले 70,000 रुपये हा उपकराव्यतिरिक्त देय कर होय. केवळ वेतनावर तो 32,500 रुपयेच झाला असता. शेतीवर थेट कर नाही, परंतु तिच्यामुळे वेतन वरच्या टप्प्यात ढकलले जाते, हे पगारातून कर कापला गेला म्हणजे प्रश्न मिटला असे समजणाऱ्यांच्या ध्यानात बहुधा विवरणपत्र भरतानाच येते.