पहिल्या महिन्याचा एकच डाव



मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, "तू पोरांना एकमेकांवर सोडतोस, हातपाय मोडत नाहीत का?" म्हणून आज तेवढंच सांगतो.

माझ्याकडे तेरा-चौदा वर्षांची मुलं-मुली येतात. आधी शिकवतो ते पडायला. उकिडवं बसून मागे लोळायचं, हनुवटी छातीला चिकटलेली. हात मागे टेकायचा नाही. ताठ हातावर अंगाचं वजन आलं की मनगट नाहीतर कोपर जातं.

मग पवित्रा. एक पाय थोडा पुढे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नजर वर, कोपरं बरगड्यांजवळ. जोडीदार खांद्याला हलकेच रेटतो. वजन टाचांवर असेल तर पोरगं मागे कोलमडतं. कमरेतून वाकलेलं असेल तर मानेवर हात ठेवून ओढताच पुढे पडतं. दोन्हींवर औषध एकच, कंबर नव्हे, गुडघे वाकवायचे. सरकतानाही पायात पाय अडकू द्यायचा नाही.

हे जमलं की एकेरी पट. समजा बेचाळीस आणि चव्वेचाळीस किलोची दोन पोरं आहेत. पहिला गुडघ्यात खाली बसतो, पुढचा पाय जोडीदाराच्या पायांजवळ टाकतो आणि त्याचा पुढचा पाय दोन्ही हातांनी धरून छातीशी घेतो. डोकं आतल्या बाजूला, बरगडीला टेकलेलं आणि वर. डोकं खाली गेलं तर पडताना मान अडकते. मग पाय आपल्या मांड्यांत धरून तो मागे गोल वळतो आणि खांद्याने मांडी खाली दाबतो. जोडीदार बुडावर बसतो. उचलून आपटायचं काही कारणच राहत नाही.

इथे लाल माती आणि मॅट यांत फरक आहे. मातीत पाय घसरतो, मॅटवर बूट धरून ठेवतो. म्हणून जोडीदाराचा टेकलेला पाय वळत नसेल आणि गुडघ्यावर आडवा जोर येत असेल, तर पकड तिथल्या तिथे सोडायची. डाव फसला तरी चालेल.

जोडीचे नियम मात्र कडक. वजन जवळजवळ सारखं, मुलींची जोड मुलींशी. नखं कापलेली, कडं-ताईत काढलेला, अंगावर नायटा असेल तर तो बरा होईपर्यंत मॅट बंद. जोडीदाराला खाली नेणाऱ्यानेच त्याला सावरायचं. कुणी दोनदा थाप मारली की हात सुटलाच पाहिजे, मग कुस्ती कुठेही आलेली असो. थाप मारूनही न सोडणारा त्या दिवशी मॅटबाहेर बसून इतरांचे पवित्रे तपासतो.