जाड दोर, लहान कप्पी

विहीर खोदायची यारी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. वर कप्पी, कप्पीवरून गेलेला वायर रोप, खाली लोखंडी बादली. त्या बादलीतून दगड वर येतो आणि पुष्कळदा माणसंही उतरतात. दोर झिजला की मालक म्हणतो, "या वेळी बाराऐवजी सोळा मिलिमीटरचा टाकू, निर्धास्त राहू." कप्पी मात्र तीच. हा बदल खरंच निर्धास्त करतो का, एवढंच आज हिशेब करून बघू.

आधीचा दोर १२ मिलिमीटरचा धरू. त्यात सहा पदर, प्रत्येक पदरात १९ तारा, म्हणजे ११४ तारा. एकेक तार साधारण ०.८ मिलिमीटर जाड. सगळ्या तारांचं मिळून क्षेत्रफळ होतं सुमारे ५७ चौरस मिलिमीटर. बादलीचं वजन अर्धा टन, म्हणजे ताण साधारण ५००० न्यूटन. भागाकार केला की ताणामुळे येणारा प्रतिबल निघतो सुमारे ८७ मेगापास्कल. तारेचं पोलाद १७७० पर्यंत टिकणारं. कागदावर वीसपट शक्ती! गुंफणीत थोडी कमी होते, तरी पंधरापट उरतेच. मालक इथेच थांबतो.

आता दोर कप्पीवर वाकतो तेव्हा एका तारेचं काय होतं ते पाहा. तारेची बाहेरची बाजू मधल्या रेषेपेक्षा मोठ्या वर्तुळावर पसरते, म्हणून ती ताणली जाते. आतली बाजू दाबली जाते. किती ताणली जाते? तारेची जाडी भागिले कप्पीचा व्यास, इतकं सोपं प्रमाण आहे. कप्पी २०० मिलिमीटरची असेल तर ०.८ भागिले २००, म्हणजे हजारात चार. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे दोन लाख मेगापास्कल. गुणाकार केला की ८०० येतात. ताणाचे ८७ आणि वाकण्याचे ८००! आणि या ८०० मध्ये बादलीचं वजन कुठेच नाही. रिकामी बादली सोडतानाही ते येतातच.

आता सोळाचा दोर त्याच कप्पीवर घाला. गुंफण तीच, म्हणून तारही जाड झाली, १.०७ मिलिमीटर. ताणाचा प्रतिबल ८७ वरून ४९ वर आला, छान. पण वाकण्याचा ८०० वरून १०६७ वर गेला. बेरीज आधी ८८७ होती, आता १११६. शिवाय बाराच्या खाचेत सोळाचा दोर चिमटला जातो, ते वेगळंच.

हा हिशेब थोडा कडक आहे, हे मान्य. तारा पिळाने गुंफलेल्या असतात, वाकताना एकमेकींवरून सरकतात. म्हणून काही पुस्तकं गुणांक कमी धरतात आणि उत्तर निम्म्याहून खाली येतं. तरीही वाकण्याचा वाटा ताणाच्या तिपटीहून जास्तच राहतो. हे सरकणं किती मोलाचं आहे, तेही बघा. बारा मिलिमीटरची अखंड सळई त्या कप्पीवर वाकवली तर हाच हिशेब १२,००० मेगापास्कल सांगतो. म्हणजे ती कायमची वाकडी होणार. म्हणूनच ग्रीस वाळलं, आत दगडाची भुकटी बसली की तारा अडकतात आणि दोर थोडा थोडा सळईसारखा वागू लागतो.

बेरीज १७७० च्या आत आहे, मग दोर तुटतो कसा? एका वेळी तुटत नाही. कप्पीवर चढताना तार वाकते, उतरताना सरळ होते; प्रत्येक फेरीत हा प्रतिबल येतो आणि जातो. हजारो फेऱ्यांनी तारेला बारीक चीर पडते. दोर एका कप्पीवर एका बाजूला आणि लगेच दुसरीवर उलट्या बाजूला वाकत असेल, तर हे आणखी लवकर होतं.

उपाय दोन. एक, कप्पी मोठी करा: बाराच्याच दोराला ४८० मिलिमीटरची कप्पी दिली की ८०० चे ३३३ होतात. दुसरा, तितकाच जाड पण बारीक तारांचा दोर घ्या, पदरात ३६ तारांचा. माझा कौल मोठ्या कप्पीला, कारण विहिरीच्या धुळीत बारीक तारा घासून लवकर झिजतात.

तपासायचं असेल तर बादली जमिनीवर टेकवा, यंत्र बंद करा आणि कप्पीवरून जाणारा भागच आधी बघा. टोकाजवळचा चकचकीत भाग बघून उपयोग नाही. जाड हातमोजा घालून कापडाचा बोळा दोरावरून फिरवा. धागे अडकले तिथे तार तुटलेली आहे. तुटलेलं टोक निरखा: ताणाने तुटलेली तार टोकाशी बारीक होते, वाकून वाकून थकलेली तार चाकूने कापल्यासारखी सपाट तुटते. सपाट टोकं दोन पदरांच्या मधल्या खोबणीत दिसली, तर आतल्या तारा बाहेरून दिसतात त्याहून जास्त गेलेल्या असू शकतात. त्या दोरावर माणूस उतरवू नका. दोर बदला, आणि त्याच दिवशी कप्पीचा व्यासही मोजून घ्या.