दोन बाणांची गोष्ट

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिलाय व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डचा. सकाळच्या फुलांच्या फोटोंवर मी काही बोलणार नाही, घाबरू नका.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडची डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षेसाठी तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज भागात आधीच फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं. त्या वर्षी देशात ठिकठिकाणी असेच प्रकार घडले. तेव्हा फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता. मुलाला परत आणून सोडतात तो शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता.

सरकारने कंपनीला जाब विचारला. त्याच जुलैत पुढे ढकललेल्या मेसेजवर एक बाण आणि Forwarded हा शब्द दिसू लागला, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवण्याची मर्यादा आली. जगभर ती पुढे जानेवारी २०१९ मध्ये लागू झाली. नंतर दोन बाण आले, Forwarded many times. एप्रिल २०२० पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

आता कुणी म्हणेल, खोटे मेसेज कंपनीने सरळ काढूनच का टाकू नयेत? कारण मेसेज कुलूपबंद जातो. तो फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो, मजकूर कंपनीला दिसत नाही. म्हणून मेसेजबरोबरच एक छोटा आकडा प्रवास करतो. तुम्ही फॉरवर्ड केलं की तो एकाने वाढतो. साखळी पाच हातांची झाली की दोन बाण लागतात.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. हा आकडा किती लोकांनी वाचलं ते सांगत नाही, किती हात बदलले ते सांगतो. एखाद्याने मेसेज स्वतः टाइप करून मोठ्या ग्रुपवर टाकला, तर हजार जणांनी वाचूनही त्यावर एकही बाण नसतो. आणि खरं की खोटं, याच्याशी तर बाणाचा काहीच संबंध नाही. महापालिकेच्या पाणीकपातीच्या खऱ्या नोटिशीलाही दोन बाण लागतात.

मर्यादेचंही तसंच. ‘एका वेळी’ पाच; दिवसाला पाच नव्हे. पुन्हा मेसेज निवडा, पुन्हा पाच. म्हणजे हा स्पीडब्रेकर आहे, फाटक नव्हे. तरी स्पीडब्रेकरने फरक पडतो. दोन बाणांच्या मेसेजचं फॉरवर्डिंग एकवर आणल्यावर ते जगभरात ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. दुसरी बाजूही बघा. २०१८ मध्ये ग्रुपात जास्तीत जास्त २५६ माणसं असत. पाच ग्रुप म्हणजे १२८० जण. पुढे नियम कडक झाला, आधीच फॉरवर्ड झालेला मेसेज पाचांत एकाच ग्रुपला जातो. पण ग्रुप १०२४ माणसांचा झाला! एक ग्रुप आणि चार माणसं, म्हणजे १०२८. हिशोब जवळपास तिथेच.

खरी पळवाट मात्र याहून साधी आहे. आपल्याच ग्रुपवर गेल्या दिवाळीआधी काय झालं ते आठवा. ‘बोहारणीच्या वेशात बायका येतात, मुलांवर लक्ष ठेवा’ हा मेसेज. मूळ मेसेजला दोन बाण होते, मी तो आदल्या दिवशी दुसऱ्या ग्रुपवर पाहिला होता. आपल्याकडे तो कुणीतरी कॉपी करून चिकटवला. कॉपी केलं की आकडा शून्यावर येतो आणि बाण गायब. शिवाय वर ‘आपल्या एरियात’ हे दोन शब्द घातलेले. झालं! लोकांना वाटलं, लिहिणाऱ्याने खिडकीतून पाहिलंय. दुपारी आपल्या नेहमीच्या बोहारणीला वॉचमनने गेटवर तासभर अडवून ठेवलं, आणि भोवती पंधरा-वीस जण जमले. पाटीतली भांडी उपसून पाहिली तिची. बी विंगच्या वहिनी खाली आल्या, ‘अहो, ही दहा वर्षं येतेय’ म्हणाल्या, म्हणून निभावलं.

असा चिकटवलेला मेसेज ओळखता येतो. ‘आज’, ‘आत्ताच’ असं लिहिलेलं असतं पण तारीख नसते. ‘आपल्या एरियात’ असतं पण रस्त्याचं नाव नसतं. दोन-चार ओळींचा तुकडा निवडून फोनवरच शोधलात, तर तोच मजकूर तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच शहराच्या नावाने फिरलेला सापडतो. आणि सर्वांत सोपं म्हणजे टाकणाऱ्यालाच विचारायचं, ‘काका, तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ मी त्या दिवशी संध्याकाळी विचारलं. उत्तर आलं, ‘नाही हो, साडूंनी पाठवला.’ साडू नागपूरला असतात.

ती बोहारीण त्यानंतर आपल्याकडे आलेली नाही. शेजारच्या सोसायटीत येते, असं वॉचमन सांगतो.