वर्गातील निवडणूक : मतपत्रिकांचा हिशेब आणि निकालाची चर्चा

(प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील निवडणुकीचा पाठ वाचून झाला की पुष्कळ शाळांतून वर्गमंत्री निवडला जातो. शिक्षक दोनतीन नावे उच्चारतात, मुले हात वर करतात, शिक्षक मोजतात आणि पाच मिनिटांत काम संपते. यात निवड होते, पण निवडणूक होत नाही. हात वर करणाऱ्या मुलाची नजर आधी शेजाऱ्याच्या हाताकडे जाते, मग ती शिक्षकांच्या चेहऱ्याकडे वळते. गुप्त मतदान कशासाठी असते, हे त्याला त्या पाच मिनिटांत समजण्याची शक्यता नाही. यास्तव या पाठाची आखणी मतपत्रिकेपासून करावी आणि मोजणीचा हिशेब हा त्याचा गाभा मानावा.

प्रथम ठरवावयाचे ते हे, की निवडून येणाऱ्याच्या हाती कोणता अधिकार द्यावयाचा. अधिकार लहान असला तरी चालेल, पण तो खरा असावा. समजा, सातवीच्या वर्गात पटावर ४३ मुले आहेत. पुढील चार शनिवारांचा शेवटचा तास कसा घालवावा, हे निवडून आलेला प्रतिनिधी ठरवील, असे शिक्षकांनी जाहीर केले. तीन उमेदवार उभे राहिले. एकाला तो तास खेळासाठी हवा आहे, एकीला शाळेच्या परसबागेसाठी आणि तिसऱ्याला गोष्टींच्या पुस्तकांच्या वाचनासाठी. त्यांना अनुक्रमे भोवरा, घागर आणि पाटी ही चिन्हे दिली. कोणत्याही राजकीय पक्षाचे चिन्ह वर्गात आणू नये. ते आले की घरातील वाद शाळेत येतात आणि मुले उमेदवाराऐवजी वडिलांच्या पक्षाला मत देतात.

पाठास एक आठवडा द्यावा. सोमवारी उमेदवारी-अर्ज भरावेत. प्रत्येक अर्जावर एक सूचक असावा. मंगळवारी आणि बुधवारी प्रचार व्हावा, गुरुवारी प्रचार बंद ठेवावा, शुक्रवारी मतदान व मोजणी घ्यावी आणि शनिवारी चर्चा करावी. गुरुवारच्या शांततेला आधार आहे. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेण्यास कायद्याने मनाई आहे. मतदाराला विचारास उसंत मिळावी, हा तिचा हेतू मुलांना सहज समजतो.

प्रचारात प्रत्येक उमेदवाराला पाच मिनिटांचे भाषण आणि पाच मिनिटांची प्रश्नोत्तरे द्यावीत. भाषणापेक्षा प्रश्नोत्तरांत अधिक शिक्षण होते. प्रश्न विचारणाऱ्यांना दोन कसोट्या आधी सांगून ठेवाव्यात : उमेदवार जे देऊ म्हणतो ते देण्याचा अधिकार त्या पदाला आहे काय, आणि त्यासाठी लागणारी वस्तू वा वेळ कोठून येणार? एखादा उमेदवार उत्साहाच्या भरात "शनिवारी पूर्ण सुटी" असे वचन देतो आणि वर्ग टाळ्या वाजवतो. अशा वेळी शिक्षकांनी त्याला दटावू नये. एखाद्या मुलाने उठून विचारावे, "सुटी देणे हे वर्गप्रतिनिधीच्या हाती आहे का?" हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला तर आठवड्याचे निम्मे काम झाले. कोणी मतासाठी चिक्की वाटू लागला तर ती तक्रार लेखी घ्यावी, दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि मतासाठी वस्तू देणे हा खऱ्या निवडणुकीत भ्रष्टाचार ठरतो, हे त्या निमित्ताने सांगावे.

आता मतपत्रिका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकाखाली एक तीन घरे आखावीत आणि प्रत्येकात उमेदवाराचे नाव व चिन्ह काढावे. पाठीमागे शिक्षकांची सही असावी. खऱ्या कागदी मतपत्रिकेवरही मतदान केंद्राध्यक्षाची सही असते, ती बाहेरचा कागद पेटीत शिरू नये म्हणून. मात्र वर्गातील मतपत्रिकेवर क्रमांक घालू नये. चाळीस मुलांच्या वर्गात क्रमांकावरून कोणाचे मत कोणाला गेले हे शोधून काढणे फार सोपे असते. त्याच कारणाने मत लेखणीने लिहून घेऊ नये, कारण शिक्षकांना व मित्रांना अक्षर ओळखता येते. सर्वांनी एकाच पेन्सिलीने फुली करावी. ती पेन्सिल आडोशामागे दोऱ्याने बांधून ठेवावी.

आडोसा म्हणून उभा फळा किंवा कपाटाचे उघडे दार पुरते. पत्र्याचा डबा मतपेटी होतो. मतदानापूर्वी तो उलटा करून रिकामा असल्याचे सर्वांना दाखवावा, झाकणावर कागदाची पट्टी चिकटवावी आणि तिन्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या तिच्यावर घ्याव्यात. तीन मुले मतदान-अधिकारी म्हणून बसावीत. एकाने यादीत नाव शोधून खूण करावी, दुसऱ्याने डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावावी आणि तिसऱ्याने मतपत्रिका द्यावी. एका मुलास सुमारे एक मिनिट लागते, म्हणून वर्ग मोठा असल्यास सलग दोन तास राखून ठेवावेत.

येथे थोडा इतिहास सांगण्यासारखा आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. असंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून ही सोय होती. सर्व उमेदवारांची नावे असलेल्या एका मतपत्रिकेवर खूण करण्याची पद्धत पुढे १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रूढ झाली. आज मते यंत्रावर नोंदवली जातात. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व मतदारसंघांत मतदानयंत्रे होती. तरीही वर्गासाठी कागदच उत्तम. कागद मुलांना हाताळता येतो, पुन्हा मोजता येतो आणि त्यावर वाद घालता येतो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी मात्र चिन्हांच्या तीन डब्यांची जुनी रीत आजही सोयीची आहे.

मोजणीपूर्वी हिशेब मांडावा. सातवीच्या त्या वर्गाचे उदाहरण पुढे नेऊ. मतपत्रिका ४६ कापल्या होत्या. त्या दिवशी ४१ मुले हजर होती. एका मुलाने चुकीच्या घरात फुली केली आणि लगेच पत्रिका परत करून नवी मागितली. म्हणजे वाटलेल्या पत्रिका ४२, शिल्लक ४. बेरीज ४६ होते, म्हणून येथवरचा हिशेब जुळला. परत आलेली १ वजा केल्यावर पेटीत ४१ पत्रिका निघाल्या पाहिजेत. हा आकडा पेटी उघडण्यापूर्वी फळ्यावर लिहावा. खऱ्या केंद्रावरही मतदान संपताच नोंदलेल्या मतांचा हिशेब केंद्राध्यक्ष तयार करतो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतो. आकडा आधी लिहिला गेला म्हणजे नंतर तो कोणाला सोयीप्रमाणे बदलता येत नाही.

पेटीत ४० च निघाल्या तर कोणी तरी पत्रिका खिशात नेली, असे समजावे. ४२ निघाल्या तर मागची सही तपासावी. झडती मात्र घेऊ नये. वर्गापुरता एक नियम मतदानापूर्वीच ठरवून ठेवावा : चूक पहिल्या दोन उमेदवारांतील फरकाहून लहान असेल तर निकाल कायम राहील, एरवी मतदान पुन्हा होईल.

उदाहरणातील वर्गात बरोबर ४१ पत्रिका निघाल्या. त्यांपैकी चार संशयास्पद म्हणून बाजूस ठेवल्या. एक कोरी होती. एकीवर दोन घरांत फुल्या होत्या. एकीवर फुलीखाली मतदाराने स्वतःचे नाव लिहिले होते. चौथीवरील फुलीचे टोक रेषेला लागले होते, पण फुली घागरीच्या घरात होती. पहिल्या तीन बाद झाल्या. नाव लिहिलेली पत्रिका बाद का, असे मुले हटकून विचारतात, कारण मत तर स्पष्ट असते. उत्तर असे की, मतदार ओळखू येईल अशी खूण चालू दिली तर मत विकणाऱ्याला पुरावा देता येईल आणि धाक घालणाऱ्याला तो मागता येईल. गुप्तता ही एका मतदाराची मर्जी नसून सर्वांचे संरक्षण आहे. चौथी पत्रिका घागरीला धरली, कारण हेतू स्पष्ट असताना केवळ खूण नीटस नाही म्हणून मत बाद करू नये, असाच कागदी मतपत्रिकांचा नियम आहे. हे निर्णय शिक्षकांनी एकट्याने न देता तिन्ही प्रतिनिधींसमोर कारण सांगून द्यावेत.

वैध मते ३८. भोवरा १६, घागर १३, पाटी ९. भोवरा विजयी.

शनिवारची चर्चा या चार आकड्यांवर चालावी. "तू कोणाला मत दिलेस?" हा प्रश्न त्या तासात कोणीही विचारू नये, शिक्षकांनी तर मुळीच नाही. पहिला प्रश्न असा : भोवऱ्याला १६ मते, तर इतरांना मिळून २२, मग वर्गाला खेळच हवा होता असे म्हणता येईल काय? आपल्याकडे सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, निम्म्याहून अधिक मते असावीच लागतात असे नाही, हे मुलांना येथे आकड्यांतून कळते. दुसरा प्रश्न : पहिल्या दोघांतील फरक ३ आणि बाद मतेही ३. ती तिन्ही घागरीला असती तर १६-१६ अशी बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागली असती. कायद्यातही समान मतांचा निर्णय चिठ्ठीनेच होतो. निष्काळजी फुलीची किंमत यापेक्षा चांगली समजावता येणार नाही. कोरी पत्रिका टाकणाऱ्याला कोणीच पसंत नसेल, असाही विचार एखादे मूल मांडील. त्यास सांगावे की २०१३ पासून मतदानयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आहे. त्याची मते मोजली जातात, पण निवडून येतो तो सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवारच.

तिसरा प्रश्न विजयी उमेदवाराला : त्या २२ जणांचे काय? त्याने चारपैकी एक शनिवार परसबागेला दिला तर ते औदार्य ठरेल. न दिला तरी अधिकार त्याचा आहे. दोन्ही बाजूंनी मुलांना बोलू द्यावे. पराभूत उमेदवारांनाही मोजणी न्यायाने झाली की नाही, एवढे सांगण्यास दोन मिनिटे द्यावीत. त्यांच्या तोंडून "झाली" असे आले तर हिशेब फळ्यावर आधी का लिहिला, हे वर्गाला आपोआप उमगते.

मते आळीप्रमाणे किंवा जातीप्रमाणे पडल्याचा संशय शिक्षकांना आला तर तो वर्गात बोलून दाखवू नये, कारण त्यामुळे गुप्तता मोडते. पुढील वेळी प्रत्येक उमेदवाराचा सूचक दुसऱ्या आळीतील असावा, असा नियम करावा.

अखेरची गोष्ट शिक्षकांच्या स्वतःच्या वागणुकीची. परसबाग निवडून यावी, असे त्यांना मनातून वाटत असेल. निकाल खेळाचा लागला. पुढच्या शनिवारी शेवटच्या तासाला घंटा झाली की दप्तरे वर्गात ठेवून मुलांना मैदानावर न्यावे. अभ्यास मागे पडला या सबबीखाली तो तास गणिताला घेतला, तर ४१ मुले एवढेच शिकतील की मते मोजली जातात, पण मानली जात नाहीत.